खोकताना, शिंकताना लघवी सुटते: पहिल्या बारा आठवड्यांत काय करायचं आणि कसं

शिंक येणार असं वाटलं की हातातलं काम सोडून पाय एकमेकांवर घट्ट आवळून उभी राहणारी बाई मी लांबूनही ओळखते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी हेच माझं रोजचं काम आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींनी हा त्रास वर्षानुवर्षं कुणाला सांगितलेला नसतो. कधी सांगितलाच तर ‘बाळंतपणानंतर असं व्हायचंच’ किंवा ‘वय झालं, आता चालायचंच’ एवढंच ऐकून त्या परतलेल्या असतात. असं अनेकींना होतं, हे खरं आहे. पण ते तसंच चालू द्यायची गरज नाही. यावर उपचार आहेत आणि त्यातला पहिला औषधाविना, घरच्या घरी करण्यासारखा आहे. फक्त ज्या व्यायामानं गुण येतो तो बऱ्याच जणी नेमका उलटा करत असतात, आणि मग ‘करून पाहिला, काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात.

आधी प्रकार ओळखा

लघवी सुटण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि दोन्हींचं कारण वेगळं आहे. पुढे ओटीपोटाखाली हाताला लागणाऱ्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या झोळीच्या आधारानं राहतात. खोकला आला की पोटातला दाब एकदम वाढतो. झोळी घट्ट असेल तर मूत्रमार्ग तिच्यावर दाबला जाऊन बंद राहतो. बाळंतपणात ती ताणली गेली असेल किंवा वयानुसार सैल झाली असेल, तर तो आधार कमी पडतो आणि थेंब सुटतात. खोकताना, शिंकताना, जोरात हसताना, जड उचलताना, उडी मारताना सुटते ती या प्रकारची. बहुतेक वेळा ती थोडीच असते आणि आधी घाई लागलेली नसते.

दुसऱ्या प्रकारात मूत्राशयाचा स्नायू वेळेआधीच आकुंचन पावतो. अचानक अशी घाई लागते की थांबताच येत नाही. दाराच्या कुलपात किल्ली घालताना किंवा नळाचं पाणी वाहताना ऐकलं की हमखास लागते, आणि संडासापर्यंत पोचण्याआधी बरीच लघवी होऊन जाते. अनेक जणींना दोन्ही त्रास एकत्र असतात. मग ज्याचा जाच जास्त त्यापासून सुरुवात करायची.

प्रकार नुसत्या आठवणीवर ठरवू नका, तीन दिवस लिहून काढा. एक वही आणि स्वयंपाकघरात पुन्हा न वापरायचं एक मापाचं भांडं पुरतं. लघवीला गेलात की वेळ आणि किती मिलिलिटर झाली ते लिहा. काय आणि किती प्यालात ते लिहा. सुटली तर त्या क्षणी काय चाललं होतं आणि आधी घाई लागली होती की नाही, हे लिहा. तीन दिवस सलग नसले तरी चालतील, पण त्यात एक कामाचा आणि एक घरी असण्याचा दिवस असू द्या.

माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेची वही मला अजून आठवते. वय ४४, दोन बाळंतपणं, धाकटा मुलगा ११ वर्षांचा. तीन दिवसांत लघवी सुटल्याच्या ११ नोंदी होत्या. त्यातल्या आठ खोकला, शिंक किंवा वह्यांचा गठ्ठा उचलतानाच्या, आणि तीन घराच्या दारात. दिवसातून त्या १३ वेळा लघवीला जात होत्या आणि दर वेळी ८० ते १२० मिलिलिटर होत होती. पण सकाळी उठल्यावरची पहिली लघवी ३८० मिलिलिटर होती. वहीतली सगळ्यात मोलाची ओळ ही होती. त्यांचं मूत्राशय ३८० मिलिलिटर धरू शकत होतं. दिवसा ते तितकं भरू दिलंच जात नव्हतं. तासिका सुरू व्हायच्या आधी, संपल्यावर, घरून निघताना, पोचल्यावर त्या ‘लागली नसली तरी जाऊन येऊ’ म्हणून जात होत्या. शिवाय सुटेल या भीतीनं दिवसभरात पाणी, चहा सगळं धरून एक लिटरच पोटात जात होतं. पाणी कमी केलं की लघवी गडद आणि तीव्र होते, मूत्राशयाला जास्त चुरचुरते आणि घाई वाढते. कोरडं राहण्यासाठी त्या जे करत होत्या त्यानं त्रास वाढतच होता.

स्नायू सापडणं हे अर्धं काम

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अरनॉल्ड केगल यांनी १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामाबद्दल लिहिलं, म्हणून त्यांना केगल व्यायाम म्हणतात. नाव सगळ्यांना ठाऊक असतं. स्नायू नेमका कोणता ते मात्र ठाऊक नसतं, आणि तो डोळ्यांना दिसतही नाही.

पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, पाय थोडे फाकवून ठेवा. पोट आणि नितंब सैल सोडा. आता चारचौघांत बसलेलं असताना गॅस सुटू पाहतोय आणि तो अडवायचा आहे, अशी कल्पना करा. गुदद्वार आवळून आत खेचा. ती खेच तशीच पुढे आणा, जणू लघवीही अडवायची आहे. मग सगळं मिळून आत आणि वर उचला. एवढंच. बाहेरून कुणी पाहिलं तर तुम्ही काही करताय हे कळताही कामा नये.

तपासण्याचे दोन मार्ग आहेत. एक, आरसा धरून योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग पाहा. बरोबर आवळलंत तर तो आत, वर जातो. बाहेर फुगत असेल तर तुम्ही कुंथताय. दुसरा, स्वच्छ धुतलेलं बोट दोन पेरांपर्यंत योनीमार्गात घालून आवळून पाहा. बोटाभोवती पकड घट्ट झाल्यासारखी आणि बोट आत ओढल्यासारखं वाटायला हवं. बोट बाहेर ढकललं जात असेल तर प्रयत्न उलटा आहे. बाळंतपणाला सहा आठवडे झाले नसतील किंवा टाके दुखत असतील तर बोटानं तपासू नका, आरसा पुरे.

त्या शिक्षिका नेमक्या इथेच चुकत होत्या. वर्षभर रोज व्यायाम केल्याचं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, “एकदा करून दाखवा बरं.” त्यांनी श्वास रोखला, पोट ताणलं आणि बोटाला स्पष्ट खाली रेटा जाणवला. मी म्हटलं, “श्वास सोडता सोडता करा, आणि ढकलू नका, आत ओढून घ्या.” चौथ्या-पाचव्या वेळी अगदी हलकी उचल जाणवली. त्या म्हणाल्या, “मॅडम, हे तर काहीच केल्यासारखं वाटत नाही.” तेच बरोबर होतं. कमजोर स्नायूची खरी हालचाल सुरुवातीला इतकीच असते. मोठा जोर लागतोय असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा नितंब, मांड्या किंवा पोट काम करत असतं.

लघवी करता करता धार मध्येच थांबवून पाहण्याचा सल्ला बऱ्याच जणींनी ऐकलेला असतो. व्यायाम म्हणून तो करू नका. मूत्राशय नीट रिकामं होण्याच्या क्रियेत त्यानं अडथळा येतो.

आवळण्याइतकंच सैल सोडणंही महत्त्वाचं आहे. प्रत्येक वेळी स्नायू पूर्ण खाली आल्याचं जाणवू द्या, मगच पुढची उचल. आवळल्यावर सोडताच येत नसेल, संबंधाच्या वेळी किंवा ओटीपोटात दुखत असेल, तर तुमचा स्नायू कदाचित आधीच ताठलेला आहे. अशा वेळी आवळण्याच्या व्यायामानं दुखणं वाढू शकतं. थांबा आणि या विषयातल्या फिजिओथेरपिस्टला दाखवा.

किती वेळा, किती वेळ

सर्वसाधारण माप असं: एका वेळी किमान ८ उचली, दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने. पण पहिल्या दिवसापासून दहा सेकंद धरायच्या मागे लागू नका. आपली सुरुवात कुठून ते आधी मोजा. उचला, श्वास चालू ठेवा आणि उचल निसटेपर्यंत सेकंद मोजा. मग तशा किती जमतात ते मोजा. शिक्षिकेबाईंना ३ सेकंद धरता येत होतं आणि पाच उचलींनंतर स्नायू दमत होता. त्यामुळे त्यांचं माप ठरलं: ३ सेकंद धरायचं, ६ सेकंद पूर्ण सोडायचं, अशा ५ उचली, एका बैठकीत एवढंच, पण दिवसातून चार बैठकी. शेवटी पाच झटपट उचली: आवळलं, लगेच सोडलं. खोकला सांगून येत नाही, त्यामुळे स्नायूला ताकदीइतकीच चपळाईही लागते.

पहिले दोन आठवडे झोपून केलं. तिसऱ्या आठवड्यात बसून, पाचव्यात उभ्यानं. उभं राहिल्यावर स्नायूवर वरचं वजन येतं, त्यामुळे दोन सेकंद कमी झाले तर नवल नाही. जिथे खोकताना सुटते तिथेच, म्हणजे उभ्यानंच, शेवटी ताकद लागणार आहे. साधारण आठवड्याला एखादा सेकंद किंवा एखादी उचल वाढवत त्या नवव्या आठवड्यात ८ सेकंदांच्या ८ उचलींवर पोचल्या.

चौथ्या आठवड्यात त्यांचा फोन आला, “काहीच फरक नाही.” मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. बहुतेक जणी सोडतात ते इथेच. स्नायू भरायला वेळ लागतो आणि कपड्यांत दिसणारा फरक साधारण सहा ते बारा आठवड्यांमध्ये येतो. म्हणून रोज बारीक हिशोब करत बसण्यापेक्षा दर चार आठवड्यांनी पुन्हा तीन दिवसांची वही भरा आणि आकड्यांशी आकडे ताडून पाहा.

खोकल्याच्या आधीची उचल

हे एवढं एक कौशल्य लवकर उपयोगी पडतं, कारण त्यासाठी मोठ्या ताकदीपेक्षा वेळ साधावी लागते. खोकायच्या, शिंकायच्या, वजन उचलायच्या अगदी आधी स्नायू आवळून वर उचला आणि दाब संपेपर्यंत धरून ठेवा. आधी मुद्दाम सराव करा: उचला, एक छोटा खोकला काढा, सोडा. मग उभ्यानं, मग मोठा खोकला. खुर्चीतून उठताना आणि गठ्ठा उचलताना दर वेळी हेच. काही आठवड्यांनी शिंकेची चाहूल लागताच स्नायू आपोआप वर जातो.

अचानक घाई लागली की

घाई लागली की पळत सुटणं हे सगळ्यात स्वाभाविक आणि सगळ्यात चुकीचं. पळताना स्नायूंना धक्के बसतात, घाबरल्यामुळे मूत्राशय आणखी खवळतं. घाई लाटेसारखी चढते आणि ओसरते, आणि ती ओसरत असताना चालायचं असतं.

जिथे असाल तिथे थांबा, जमलं तर बसा. पाच-सहा झटपट, जोरदार उचली करा. त्यामुळे मूत्राशयाला ‘आत्ता नाही’ असा संदेश जातो आणि त्याचं आकुंचन शमायला मदत होते. श्वास सावकाश सोडा आणि मन दुसरीकडे न्या. शंभरातून सात-सात वजा करत जा. लाट उतरली की सावकाश चालत संडासाकडे जा, किंवा अजून वेळ झाली नसेल तर पुन्हा कामाला लागा.

यासोबत दोन खेपांमधलं अंतर वाढवायचं. वहीत सरासरी जेवढं अंतर आहे तिथून सुरुवात करायची. शिक्षिकेबाईंचं ते साधारण तासाभराचं होतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी सव्वा तास ठेवलं, मग दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवली. एखादा आठवडा वाईट गेला तर तेच अंतर आणखी एक आठवडा ठेवलं. आठव्या आठवड्यात त्या आरामात अडीच तास थांबत होत्या आणि एका वेळची लघवी २५० मिलिलिटरवर गेली होती. पूर्ण वाढ झालेल्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर मावते, दिवसातून सात-आठ वेळा जाणं सर्वसाधारण धरलं जातं. पाच-सहा तास रोखून धरणं हे आपलं ध्येय नाही. ‘जाता जाता करून घेऊ’ ही खेप मात्र बंद करा. झोपण्यापूर्वीची तेवढी चालेल. किमान सहा आठवडे हे नेटानं केल्याशिवाय निकाल ठरवू नका.

दिवसभरात दीड ते दोन लिटर प्या, थोडं थोडं करून. रात्री उठावं लागत असेल तर झोपण्याआधीचे दोन-तीन तास कमी प्या. चहा-कॉफीतल्या कॅफिननं घाई वाढते. त्यांचे कप निम्मे करून दोन आठवड्यांनी वही पाहा, फरक असेल तर दिसेल.

बद्धकोष्ठता मात्र मी कधीच दुर्लक्षित ठेवत नाही. रोज कुंथणारी बाई दिवसातून चार बैठकी करून जे कमावते ते सकाळीच दहा मिनिटांत घालवते. जुना खोकलाही तसाच. रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो, आणि खोकला थांबला की लघवी सुटणंही कमी होतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण खोकला कधी सुरू झाला ते डॉक्टरांना नक्की सांगा. वजन बरंच जास्त असेल तर ते थोडं कमी झालं तरी झोळीवरचा भार हलका होतो.

नुकतंच बाळंतपण झालं असेल तर

हलक्या उचली दुखत नसतील तर पहिल्या काही दिवसांतच सुरू करता येतात. लघवीची नळी लावली असेल तर ती काढून नीट लघवी होऊ लागल्यावर. सुरुवातीला स्नायूची जाणीवच नसते, ती हळूहळू परत येते. बाळाला अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन कमी असल्यानं योनीत कोरडेपणा असतो, त्यानंही त्रास वाढू शकतो. सिझेरियन झालेल्यांनाही हा व्यायाम लागू आहे, कारण नऊ महिन्यांचा भार झोळीनं उचललेलाच असतो. तीन महिन्यांनंतरही सुटत असेल तर आपोआप जाईल म्हणून वाट पाहत बसू नका.

आधी डॉक्टर, मग व्यायाम

लघवीत रक्त दिसणं, जळजळ किंवा ताप, लघवी अडणं किंवा पूर्ण होत नाही असं वाटणं, योनीतून काही गोळ्यासारखं खाली आल्याचं जाणवणं, यांपैकी काही असेल तर व्यायामाच्या आधी तपासणी. अवघड बाळंतपणानंतर किंवा ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी दिवसरात्र सतत गळत असेल तर मूत्राशय आणि योनीमध्ये छिद्र पडलेलं असू शकतं. ते व्यायामानं भरत नाही. मांड्यांच्या आतल्या बाजूला, गुदद्वाराभोवती बधिरपणा आणि त्याबरोबर लघवी-शौचावरचा ताबा अचानक जाणं, हे मणक्यातल्या नसा दबल्याचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉक्टरांकडे जाताना वही घेऊन जा. लघवीची तपासणी, खोकायला सांगून पाहणं, आणि लघवी केल्यावर आत किती उरते हे सोनोग्राफीत पाहणं, एवढ्यातून बरंच कळतं.

बारा आठवड्यांनंतर

शिक्षिकेबाईंच्या बाराव्या आठवड्याच्या वहीत तीन दिवसांत दोनच नोंदी होत्या, दोन्ही मोठ्या शिंकेच्या. दाराशी होणारं थांबलं होतं. शाळेच्या मैदानात मुलींबरोबर दोरीवरच्या उड्या मारल्या तर मात्र अजून थेंब सुटत होते. उडीचा धक्का खोकल्यापेक्षा वेगळा असतो. ते पूर्ण थांबेलच असं मी त्यांना सांगितलं नाही. आता रोज एक बैठक चालू ठेवायची, कारण व्यायाम सोडला की काही महिन्यांत ताकद उतरते.

नीट केलेल्या तीन महिन्यांनंतरही कपडे ओले होत असतील तर पुढचे उपाय प्रकारानुसार वेगळे होतात. घाईसाठी मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या असतात. त्यांचा गुण यायला साधारण चार आठवडे लागतात. काहींनी तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठता होते, आणि वयस्कर बायकांमध्ये विसरभोळेपणा वाढू शकतो, म्हणून आधीपासून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवावी. पाळी गेलेल्यांना योनीत लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमानं घाई आणि कोरडेपणा दोन्हींत आराम पडू शकतो. गोळ्यांनी भागलं नाही तर मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शनं देतात; त्यांचा परिणाम काही महिने टिकतो आणि ती पुन्हा घ्यावी लागतात.

खोकताना सुटण्यावर योनीत बसवायची आधाराची रिंग काहींना पुरते, विशेषतः व्यायामाच्या किंवा कामाच्या वेळेपुरती. त्यापुढे शस्त्रक्रिया. मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवतात, कृत्रिम जाळीची किंवा स्वतःच्याच शरीरातल्या पडद्याची. जाळीमुळे काहींना नंतर दुखणं किंवा जाळी उघडी पडणं असे त्रास झाले आहेत, आणि ती पूर्ण काढणं सोपं नसतं. म्हणून होकार देण्याआधी तीन गोष्टी विचारा: पट्टी कशाची आहे, जाळीशिवाय दुसरा कोणता पर्याय मला लागू आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर घाई वाढली किंवा लघवी अडली तर काय करणार. पुढे मूल हवं असेल तर तेही आधीच सांगा, कारण नंतरच्या गरोदरपणात आणि बाळंतपणात त्रास परत येऊ शकतो.